सफरचंदावरचं मेण: ते आलं कुठून आणि जातं कशाने



मागच्या महिन्यात स्वाध्याय मंडळात फळांचा विषय निघाला आणि तिथून गाडी सफरचंदाच्या मेणावर गेली. एकीने सांगितलं, मिठाच्या पाण्यात ठेवा. दुसरी म्हणाली, व्हिनेगर घाला. तिसरीने मोबाइलमधला तो प्रसिद्ध व्हिडिओ दाखवला, ज्यात कुणीतरी सुरीने सफरचंद खरवडतं आणि पांढरा भुगा पडतो. शेवटी ज्येष्ठ काकूंनी विचारलं, "अगं पण ते मेण आहे कशाचं? मेणबत्तीचं, की किड्याचं?" या प्रश्नावर सगळ्या गप्प झाल्या. खरा प्रश्न हाच आहे, कारण मेण कशाचं आहे हे कळल्याशिवाय ते कशाने निघेल हे सांगता येत नाही. आणि आपल्यासाठी तर त्याहून मोठी गोष्ट अशी, की ते कशाचं आहे यावरच ते घरात आणायचं की नाही हे ठरतं. म्हणून आज थोडा इतिहास.

पहिली गोष्ट म्हणजे झाडावरच्या सफरचंदाला मेण असतंच, आणि ते त्याचं स्वतःचं. साल आतून जो अगदी पातळ मेणचट थर तयार करते, त्यानेच फळातलं पाणी आत राहतं आणि पावसाचं पाणी वरून ओघळून जातं. जांभळावर, द्राक्षावर बोट फिरवलं की पांढुरकी भुकटी पुसली जाते, तोही तसाच प्रकार. सफरचंद झाडावरून ताजं तोडलेलं असेल तर ते काहीसं धुरकट दिसतं आणि लुगड्याच्या पदराने पुसलं की चमकतं. त्यामुळे चमक हा काही मेण चढवल्याचा पुरावा नव्हे. काही जातींची सफरचंदं बरेच दिवस ठेवली की हाताला तेलकट लागतात, तेही त्यांच्या सालीतूनच आलेलं असतं. आमच्या सासूबाई असं फळ हातात आलं की "तेल लावलंय मेल्यांनी" म्हणून बाजूला ठेवायच्या, पण त्या तेलात दुकानदाराचा काही हात नसतो.

मग वरून मेण लावायची वेळ का आली? फळ दूर पाठवायचं असलं की ती येते. बाराव्या-तेराव्या शतकात चीनमध्ये संत्री आणि लिंबं मेणात बुडवून लांबच्या प्रवासाला पाठवत, असं या विषयाच्या इतिहासात नेहमी सांगितलं जातं. मेणाने पाणी आत राहतं खरं, पण फळ तोडल्यावरही श्वास घेत असतं. मेणाचा थर जाड झाला की आत प्राणवायू पोचत नाही, फळ आतल्या आत आंबतं आणि कापल्यावर दारूसारखा वास येतो. ही अडचण तेव्हाही होती आणि आजही आहे. म्हणून आजचा थर इतका पातळ असतो, की एका सफरचंदाला एक-दोन थेंब मेण पुरतं.

अमेरिकेत धंदेवाईक पद्धतीने मेण लावायला सुरुवात झाली ती १९२०च्या दशकात, आणि तीही सफरचंदावर नव्हे, संत्र्यावर. ब्रॉगडेक्स नावाच्या कंपनीने त्या काळात संत्र्यांना बोरॅक्सचं पाणी देऊन बुरशी रोखायची आणि वर मेणाचा थर द्यायचा, असा उद्योग मांडला. त्यातल्या बोरॅक्सच्या पेटंटवरून भांडण पार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९३१ साली कोर्टाने निकाल दिला, की सालीत बोरॅक्स मुरवलं तरी संत्रं हे संत्रंच राहतं, ती काही कारखान्यात बनवलेली नवी वस्तू होत नाही. मला हा निकाल वाचताना हसू आलं. आपल्या आजीने एका वाक्यात दिला असता.

सफरचंदाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि धुणं-घासणं या आपल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच दडलेलं आहे. म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

सफरचंदात एक अळी शिरते. बाहेरून बारीक भोक दिसतं आणि आत सगळं पोखरलेलं असतं. या अळीवर अमेरिकेतले बागायतदार शिसं आणि आर्सेनिक म्हणजे सोमल यांचं मिश्रण फवारत. ते १८९०च्या दशकात निघालं आणि पुढची पन्नास वर्षं चाललं. सोमल हे विष आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण पावसाने धुऊन जातं असं मानायचे. वॉशिंग्टन आणि ऑरेगॉन या पश्चिमेकडच्या राज्यांतल्या बागा मात्र कोरड्या हवेतल्या. तिथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नाहीच, फवारणी मात्र पुन्हा पुन्हा. मग विष फळावरच राहायचं.

१९१९ साली बॉस्टनच्या आरोग्य खात्याने पश्चिमेकडून आलेली पेअरची फळं सोमलामुळे अडवली. मोठा गाजावाजा झाला तो १९२५-२६ मध्ये, इंग्लंडात. अमेरिकन सफरचंदं खाऊन लोक आजारी पडल्याच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत आल्या आणि ब्रिटिश सरकारने माल बंद करण्याची धमकी दिली. इंग्रज या बाबतीत पोळलेले होते. १९००च्या सुमारास मँचेस्टर भागात बिअरमधून सोमल पोटात जाऊन पुष्कळ माणसं दगावली होती, आणि त्यानंतर नेमलेल्या आयोगाने खाण्याच्या पदार्थांत सोमल किती चालेल याची मर्यादा ठरवून दिली होती. आपल्या मापात सांगायचं तर साधारण साडेचारशे ग्रॅम फळावर एक मिलीग्रॅमहूनही कमी.

आता अमेरिकन बागायतदारांपुढे तोच प्रश्न उभा राहिला जो आपल्यापुढे आहे: सफरचंदाच्या सालीला चिकटलेलं काढायचं कसं? सुरुवातीला त्यांनी घासून पाहिलं. कापडाची आणि ब्रशची यंत्रं आणली आणि फळं त्यांतून कोरडीच फिरवली. फळ चकचकीत झालं, पण देठाच्या खळग्यात आणि खालच्या फुलाकडच्या खळग्यात ब्रश पोचेना, आणि बाकी सालीवर विष निघण्याऐवजी मेणातच सारवलं जाई. नुसत्या पाण्याचाही उपयोग नव्हता, कारण ते मिश्रण पाण्यात विरघळतच नाही आणि मेणचट सालीवर पाणी ठरत नाही.

मग हायड्रोक्लोरिक आम्ल आलं. साधारण शंभर भाग पाण्याला एक भाग, एवढं सौम्य. त्यात फळं बुडवायची आणि नंतर स्वच्छ पाण्याने खळखळून धुवायची. याने काम झालं, पण वेळेवर केलं तरच. फळ तोडल्यावर काही दिवस पडून राहिलं की त्याचं स्वतःचं मेण वर येतं, विष त्या मेणाखाली झाकलं जातं, आणि मग आम्ल नुसतं वरून वाहून जातं. म्हणून तोडल्याबरोबर धुवा असा सल्ला बागायतदारांना दिला जाऊ लागला. ज्यांनी फवारणीत तेल मिसळलं होतं त्यांची तर फारच पंचाईत झाली. त्यांच्यासाठी आम्ल कोमट करावं लागलं, आणि जास्त मेणचट फळ आधी सोडियम सिलिकेटच्या गरम पाण्यातून काढून मग आम्लात न्यावं लागलं. हे सिलिकेट अल्कधर्मी असतं, म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याच्या जातीचं.

जरा थांबून हे लक्षात घ्या. आम्ल, अल्कली, उष्णता, यंत्राचे ब्रश, सगळं हाताशी असलेल्या कारखान्यालाही सफरचंदाच्या स्वतःच्या मेणाशी झटावं लागलं. तेही मेण पूर्ण काढायचं नव्हतंच, त्यावरचं आणि त्यातलं विष काढायचं होतं. आपण नळाखाली दोन मिनिटं फळ धरून "मेण गेलं" म्हणतो, तेव्हा काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस सोमलाची फवारणी मागे पडली आणि दुसरी औषधं आली, पण धुण्याची यंत्रं पॅकिंगच्या जागी कायमची राहिली. धुण्यात आणि ब्रशात फळाचं स्वतःचं मेण काही प्रमाणात निघून जातं. त्याच्या बदल्यात दुसरं लावलं तर फळ सुरकुतत नाही आणि वर चमकही येते. सफरचंदावरच्या मेणाचा जम असा बसला. शीतगृहात महिनोन्महिने राहिलेल्या लाल सफरचंदाला तर चमकच विकते. आणि चमकेसाठी सगळ्यांत सरस ठरलं ते शेलॅक.

आता आपण काकूंच्या प्रश्नाशी आलो. शेलॅक म्हणजे आपली लाख. ब्राझीलची नाही, अमेरिकेची नाही, आपल्याच झारखंड-छत्तीसगडची. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे हजारोंनी बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. त्या फांद्या तोडून कवच खरवडतात. त्याबरोबर आतले किडेही येतात, ते वेगळे काढता येत नाहीत. धुऊन, वितळवून, गाळून जे पातळ सोनेरी पापुद्रे तयार होतात ते शेलॅक. आजोबांच्या काळातल्या ग्रामोफोनच्या काळ्या तबकड्यांत हीच लाख असे. १९२४ साली रांचीजवळ नामकुमला लाखेच्या संशोधनाची संस्था उभी राहिली, इतका हा व्यापार मोठा होता. तबकड्या गेल्या, पण लाखेला नवी गिऱ्हाइकं मिळाली: गोळ्यांवरचं आवरण, चॉकलेटवरची झिलई आणि सफरचंद. म्हणजे आपल्याकडच्या पळसावरची लाख परदेशी जाते आणि तिकडच्या सफरचंदावर बसून पुन्हा आपल्याच फळबाजारात येऊ शकते.

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची कथा आहे, ती आपण सगळ्यांनी व्याख्यानात ऐकलेली. त्यात श्रावकाने टाळायचे पंधरा कर्मादान सांगितले आहेत आणि त्यांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, स्पष्ट नावाने आहे. तेव्हा लाख रंगासाठी आणि बांगड्यांसाठी विकत असत, खाण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही तिच्यामागे किती जीव जातात हे त्या काळी दिसलं होतं. लाखेचं सफरचंद खाणं हे त्या अतिचारात बसतं की नाही हे सांगण्याचा माझा अधिकार नाही, ते महाराज साहेबांना विचारा. पण प्रश्न विचारायचा तर आधी माहिती हवी, ती मी देते आहे.

शेलॅकशिवाय आणखी दोन मेणं सर्रास वापरतात. एक मधमाशीचं मेण. मध आपल्याला वर्ज्य, तेव्हा याबद्दल वेगळं सांगायला नको. दुसरं कार्नौबा. हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण. पानं वाळवून झोडपतात आणि पडलेली भुकटी वितळवतात. हे पूर्ण वनस्पतीचं आहे. परदेशात खनिज तेलापासूनची मेणंही फळांवर चालतात.

आपल्या देशात कायदा काय म्हणतो? ताज्या फळांवर मेण, खनिज तेल किंवा रंग लावू नये हा मूळ नियम. त्याला अपवाद म्हणून पांढरं किंवा पिवळं मधमाशीचं मेण, कार्नौबा आणि शेलॅक या तिघांना परवानगी आहे, तीही पाकिटावर किंवा पेटीवर त्या मेणाचं नाव लिहिलं तरच. म्हणजे पेटीवर "शेलॅक" असं वाचायला मिळायला हवं. काही पेट्यांवर नावाऐवजी आकडा असतो: ९०१ म्हणजे मधमाशीचं मेण, ९०३ म्हणजे कार्नौबा, ९०४ म्हणजे शेलॅक. हे तीन आकडे पाठ करून ठेवा. अडचण अशी, की आपण फळ पेटीने घेत नाही, किलोने घेतो, आणि पेटी दुकानाच्या मागे पडलेली असते. मी सरळ फळवाल्या भाऊंना म्हणते, "पेटी दाखवा बरं जरा." पहिल्यांदा ते हसले. आता स्वतःच दाखवतात.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत नसते. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून आपण निर्धास्त होतो. पण लेबलच्या नियमांत मांसाहारी पदार्थाची व्याख्या करताना दूध, मध, मधमाशीचं मेण, कार्नौबा आणि शेलॅक ही नावं घेऊन त्यांना त्या व्याख्येतून वगळलेलं आहे. म्हणजे शेलॅकची झिलई दिलेल्या चॉकलेटच्या गोळीवर हिरवा ठिपका असणं कायद्याने बरोबरच आहे. हिरवा ठिपका सरकारचा आहे, आपला नाही. तेवढ्यावर विसंबू नका.

आता धुण्याकडे वळते. कारण समजलं की उपायांतला कुठला खरा आणि कुठला नुसता बोलण्यापुरता, हे आपोआप कळतं.

गरम पाण्याचं बघा. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं आणि कार्नौबा ८० अंशांच्या वर. आपला हात पन्नास अंशांचं पाणीही धड सोसत नाही. म्हणजे "कोमट पाण्यात ठेवलं की मेण वितळतं" हे होणारच नाही. उकळतं पाणी ओतलं तर थर मऊ होऊन पांढरट दिसतो, आणि लगेच जाड फडक्याने पुसला तर पुष्कळसा निघतो. पण साल शिजते, फळ डागाळतं, आणि ते त्याच दिवशी संपवावं लागतं.

व्हिनेगर आणि लिंबू यांचा सल्ला सगळ्यांत जास्त दिला जातो आणि शेलॅकच्या बाबतीत तोच सगळ्यांत कुचकामी आहे. शेलॅक स्वतःच आम्लाच्या स्वभावाचं आहे, ते आम्लात विरघळत नाही. पॅकिंगच्या जागी त्याला पाण्यात उतरवायचं असतं तेव्हा अमोनियासारखी अल्कधर्मी वस्तू घालतात. म्हणजे रस्ता उलटा आहे, आंबट नव्हे, सोडा. मीठ तर ना इकडचं ना तिकडचं.

मी घरी करून पाहिलं. पेटीवर शेलॅक लिहिलेलं एक परदेशी सफरचंद शेजारणीकडे आलं होतं, ते मागून घेतलं. बरोबर हिमाचलचं एक साधं सफरचंद ठेवलं. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून दोन्ही पंधरा मिनिटं ठेवली, मग भाजीच्या मऊ ब्रशने घासली आणि पुन्हा धुतली. शेलॅकवालं फळ मंद झालं, त्याची काचेसारखी चमक गेली, बोटाखालची घसरणही कमी झाली. पण नखाने ओढलं तर देठाच्या खळग्याजवळ अजून पातळ पापुद्रा निघत होता. त्या काळी ऑरेगॉनच्या ब्रशांची जिथे पंचाईत झाली, तिथेच माझ्याही ब्रशाची झाली. हिमाचलच्या सफरचंदाला फारसा फरक पडला नाही, आणि नखाने ओढल्यावर त्याचाही थोडा पांढरा मेणचट भुगा निघालाच. त्या व्हिडिओतला पांढरा भुगा पाहून घाबरणाऱ्या सगळ्या जणींनी हे करून बघावं.

म्हणजे सोड्याने आणि घासण्याने थर कमी होतो, संपत नाही. सोड्याचा दुसरा एक उपयोग मात्र नक्की आहे. २०१७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठात केलेल्या प्रयोगात, याच प्रमाणातल्या सोड्याच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर सफरचंदावर वरून लावलेली दोन औषधं निघून गेली. पण जे औषध सालीत मुरलं होतं ते राहिलंच. म्हणून वरच्या फवारणीसाठी सोडा जरूर वापरा, मेणासाठी त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. भांड्यांचा साबण तर लावूच नका, तो फळात मुरतो आणि मग साबण काढायचा वेगळा उद्योग होतो.

शेलॅक ओळखायची एक खूणही सांगून ठेवते. फ्रिजमधून काढलेलं सफरचंद दमट हवेत ओट्यावर ठेवा. त्याला घाम येतो आणि शेलॅक असेल तर तो वाळताना सालीवर पांढरे, खडूसारखे डाग उमटू शकतात. मुंबईच्या पावसाळ्यात हे सहज दिसतं. बायका ती बुरशी समजून फळ टाकून देतात. बुरशी असेल तर ती एका जागी, मऊ पडलेल्या भागावर असते. हे डाग मात्र कडक सालीवर पसरलेले असतात.

राहता राहिलं सोलणं. सोललं की मेण पूर्ण जातं, कारण ते सालीच्या वरच असतं, गरात जात नाही. पण आधी धुवा, मग सोला, नाहीतर सुरी वरचं सगळं आत ओढते. देठाचा आणि खालचा खळगा मुठीएवढा नव्हे, पण बोटभर तरी कापून काढा. लहान मुलांना आणि आजारी माणसाला मी सोलूनच देते.

इथे मात्र आपल्यासाठी एक गाठ राहते. सोलल्याने लाख तोंडात गेली नाही, पण पैसे देऊन ती विकत आणली गेलीच, आणि साल ओल्या कचऱ्यात गेली. माझ्या घरी मी यावर असं ठरवलं आहे, की पेटीवर ९०४ किंवा ९०१ दिसलं तर ती पेटी नको. ९०३ चालतं, धुऊन. आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत हिमाचल-काश्मीरचं ताजं फळ बाजारात असतं, तेव्हा तेच भरपूर खायचं. मार्च-एप्रिलमध्ये सफरचंदाचा हट्ट कशाला? तेव्हा द्राक्षं असतात, कलिंगड असतं. आमच्या घरात यावर मुलांनी पहिल्या वर्षी तोंडं वाकडी केली, आता कुणी विचारत नाही.

आता काकडी. आपल्या गल्लीत येणाऱ्या काकडीबद्दल फार काळजी करू नका. ती सकाळी तोडलेली असते आणि एक-दोन दिवसांत संपते, तिला मेण लावून कुणाला काही मिळणार नाही. मेणाची काकडी ही मुख्यत्वे अमेरिकेकडची गोष्ट आहे. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच, आणि धुण्या-हाताळण्यात तिचे बारीक काटे झडून साल उघडी पडते, त्यामुळे ती लवकर मऊ होते. लांब अंतरावर पाठवायची म्हणून तिला मेण देतात. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाने भाज्यांवर मेणाचं पातळ द्रावण कसं लावावं यावर १९३९ मध्येच पुस्तिका काढली होती. ज्या लांब, पातळ सालीच्या काकड्यांना मेण देत नाहीत त्या प्लास्टिकच्या पापुद्र्यात घट्ट गुंडाळलेल्या मिळतात.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिने मागच्या वर्षी काकडीचं मिठाच्या पाण्यातलं लोणचं घातलं आणि ते मुरेचना. आठ दिवसांनी आत पांढरीफटक काकडी, वरून खारट. मला फोन करून म्हणाली, "मावशी, मी दोनदा धुतली होती, ब्रशनेसुद्धा घासली होती." तिकडे घरगुती लोणच्यांच्या सरकारमान्य सूचनांत साफ लिहिलेलं असतं, की मेण लावलेली काकडी घेऊ नका, मिठाचं पाणी मेणातून आत जात नाही. धुऊन घ्या असं लिहिलेलं नाही, घेऊच नका असं आहे. धुण्याने मेण जात असतं तर ती सूचना लिहायची गरजच नव्हती.

तिला मी सांगितलं ते असं. कोशिंबिरीला असेल तर जाड सोलून घे. लोणच्याला लोणच्याचीच छोटी काकडी घे, ती मेणाशिवाय विकतात, शेतकऱ्यांच्या बाजारात मिळते. आणि दुकानात भाजीच्या खणावर पाटी असते ती वाच. अमेरिकेत १९९०च्या दशकापासून दुकानदाराला मेणाची जात लिहून ठेवावी लागते, आणि प्राण्यापासूनचं मेण असेल तर त्यासाठी वेगळं वाक्य आहे. पण मधमाशीचं मेण आणि शेलॅक त्या वेगळ्या वाक्यात नसतात, ते वनस्पतीच्या आणि खनिज मेणांच्या रांगेत बसवलेले असतात. म्हणून "प्राण्याचं" हा शब्द दिसला नाही म्हणून सुटलो असं नाही, पाटीवरचं सगळं वाक्य वाचावं लागतं. तिने दुसऱ्या दिवशी पाटीचा फोटो पाठवला. चारही जातींची नावं एकाच ओळीत होती, मधे "किंवा" लिहिलेलं.

तिने ती काकडी घेतली नाही.